फील्ड कॅपॅसिटीचा आकडा रोज वर-खाली होतोय? आधी भेगा बघा

रानात वाफा करून पाणी भरायचं, वर प्लास्टिक झाकायचं आणि निचरा होईल तसं रोज माती काढून ओल मोजायची, ही फील्ड कॅपॅसिटी, म्हणजे जादा पाणी निचरून गेल्यावर मातीत धरून राहिलेली ओल, काढायची पद्धत पुस्तकात अर्ध्या पानात संपते पण आमच्या इकडच्या काळ्या रानात केली की बऱ्याच जणांचं एकाच जागी अडतं. ओल दिवसागणिक कमी होत जाऊन एका आकड्यावर थांबायला पाहिजे, तर ती एक दिवस कमी येते, दुसऱ्या दिवशी जास्त येते, परत कमी येते. मग लोक सगळ्याची सरासरी काढून मोकळे होतात किंवा लॅबवर खापर फोडतात. आमचंही तीन खेपा झालं तेव्हा कुठं आकडा पटला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न दर उन्हाळ्यात कोण ना कोण तरी विचारतंच.

रान चिकोडी तालुक्यातलं, दूधगंगेच्या अंगाला, खोल काळं, कानडीत ज्याला एरे भूमी म्हणतात तसलं. हरभरा फेब्रुवारीत निघाला होता, पुढं ड्रिपवर ऊस लावायचा होता आणि ओलीचा सेन्सर बसवायचा होता. सेन्सरला वरची मर्यादा किती द्यायची हे ठरवायला फील्ड कॅपॅसिटी पाहिजे. कंपनीच्या तक्त्यात "चिकणमाती" म्हणून एक आकडा असतोय, पण चिकणमाती चिकणमातीत लई फरक, म्हणून रानातच मोजायचं ठरवलं. रान अण्णांचं. अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे मोठे चुलते, वय सत्तरच्या पुढं, शाळा चौथीपर्यंत, पण रान वापशाला आलंय का नाही हे मूठभर माती दाबून सांगतात आणि ते चुकत नाही.

मार्चचा पहिला आठवडा. ३ मीटर बाय ३ मीटरचा वाफा, चारी बाजूंनी वीतभर उंच बांध. पुस्तकात बहुतेक ठिकाणी अडीच मीटरचा वाफा सांगतात, मी थोडा मोठा घेतला त्याचं कारण भोकं. कडेचं पाणी बाजूच्या कोरड्या मातीत ओढलं जातं म्हणून सगळ्या बाजूंनी ७५ सेंटिमीटर सोडून मधल्या दीड बाय दीड मीटरातच नमुने घ्यायचे, आणि दोन भोकांत किमान वीतभर अंतर ठेवायचं. २५ सेंटिमीटरचे चौकोन पाडले तर ३६ जागा मिळतात. रोज तीन भोकं आणि सात-आठ दिवस धरले की एवढी जागा लागतेच. वाफा आखायच्या आधी भोकं मोजून घ्या, नायतर पाचव्या दिवशी जुन्या भोकाशेजारीच गिरमिट घालायची वेळ येते आणि तिथली माती आधीच हललेली असते.

पाण्याचा हिशोब असा केला. सुरुवातीची ओल वजनावर साधारण २० टक्के होती, शेवटी ३८ च्या आसपास जाईल असा अंदाज, म्हणजे १८ टक्के भरून काढायची. घनता १.२ धरली आणि खोली ६०० मिलिमीटर, तर ०.१८ गुणिले १.२ गुणिले ६०० म्हणजे १३० मिलिमीटर पाणी. ९ चौरस मीटरावर १ मिलिमीटर म्हणजे ९ लिटर, म्हणून १,१७० लिटर. पण नुसतं ६० सेंटिमीटर भिजेल एवढंच पाणी घालून भागत नाही, कारण खाली कोरडी माती राहिली की ती वरचं पाणी ओढतच राहते, निचरा संपत नाही आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून दीडपट धरायचं, शिवाय कडेला जाणारं वेगळं. २,००० लिटरचा टँकर ट्रॅक्टरला लावून आणला आणि सगळा सोडला.

पहिली चूक इथंच झाली, आणि ती डोळ्यांसमोर घडत असून ओळखली नाही. २,००० लिटर म्हणजे त्या वाफ्यात २२२ मिलिमीटर पाणी, जवळजवळ वीतभर. ते पाऊण तासात गायब. मी खूष, म्हटलं बरं झालं, रात्रभर थांबायला लागलं नाही. अण्णा बांधावर बसून बघत होते. ते म्हणाले, "पावसाळ्यात ह्याच रानात दोन दिवस पाणी तुंबतंय. आज एवढं घाईनं कुठं निघालं रे ते?" मी काहीतरी उत्तर दिलं आणि प्लास्टिक झाकायला लागलो.

त्या प्रश्नातच सगळं होतं. भिजून फुगलेली काळी माती तासाला मोजके मिलिमीटरच पाणी पिते. २२२ मिलिमीटर पाऊण तासात गेलं म्हणजे ते मातीनं प्यालेलंच नाही, भेगांतून सरळ खाली उतरलंय.

त्या खेपेचे १५ ते ३० सेंटिमीटर थराचे आकडे देतो, चार दिवसांचे, रोज एकच नमुना: ३३.४, ३७.१, ३१.९, ३५.६ टक्के. वर झाकलेलं आहे, पाऊस नाही, बाजूला पाट नाही, खाली पाणी आहे का बघायला शेजारी सव्वा मीटरचं भोक मारलं होतं तेही कोरडं. मग पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी ओल वाढली कुठून? वरच्या थरातलं पाणी खाली येत असताना खालच्या थरात, म्हणजे ४५ ते ६० मध्ये, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओल थोडी वाढू शकते, त्याला चूक समजायचं नाही. पण मधल्याच थरात वर-खाली-वर असं व्हायचं काय कारण नाही.

अशा वेळी दिवसांच्या आकड्यांकडं बघत बसू नका. एकाच दिवशी, एकाच अर्ध्या तासात, पाच वेगवेगळ्या जागांचे नमुने काढा. आम्ही चौथ्या दिवशी काढले: ३०.८, ३९.५, ३३.०, ३७.४ आणि ३५.१. एकाच वेळी ३०.८ पासून ३९.५ पर्यंत, म्हणजे पावणेनऊ टक्क्यांचा फरक! चार दिवसांत जेवढं वर-खाली झालं त्यापेक्षा हा जास्त. म्हणजे आम्ही निचरा मोजतच नव्हतो, रोज गिरमिट कुठं पडलं तेवढंच मोजत होतो.

मग वाफ्याच्या कडेकडून कुदळीनं उभा खड्डा घेतला आणि भिंत खुरप्यानं साफ केली. हे मात्र प्रत्येकानं एकदा तरी बघावं. भेगेच्या दोन्ही बाजूंना तीन-चार बोटं माती काळीभोर, चिकट, लोण्यासारखी. तिथून आत गेलं की रंग फिका होत जायचा, आणि दोन भेगांच्या मधोमध डोक्याएवढं ढेकूळ होतं ते कोरडं ठाक. अण्णांनी ते उपसून बांधाच्या दगडावर आपटलं तर त्याचा खणकन आवाज आला आणि आतून धुरळा निघाला. चार दिवसांपूर्वी २,००० लिटर पाणी पिलेल्या वाफ्यातनं धुरळा. आणि त्याच भिंतीत मीटरभर खाली भेगेच्या टोकाला माती गच्च ओली होती. गिरमिट भेगेजवळ पडलं की ३९, ढेकळात शिरलं की ३०, एवढी सोपी गोष्ट होती.

तर उपाय. भेगाळलेल्या काळ्या रानात एकदम पाणी सोडायचं नाही, आधी भेगा मिटवून घ्यायच्या. वाफ्यातल्या भेगांची तोंडं तिथलीच कोरडी बारीक माती घालून हातानं चेपून बंद केली, वरच्या चार बोटांपुरतीच, खालपर्यंत ठासायची नाही, नायतर मातीची मूळची रचना बिघडते. मग तीन दिवस रोज ३०० लिटर, तेही झारीनं, सकाळ-दुपार-संध्याकाळ शंभर शंभर लिटर. पाणी वर तुंबू द्यायचं नाही, घातलं की पाच-दहा मिनिटांत मुरलं पाहिजे आणि भेगेकडं ओघळायला नको. रात्री गोणपाट टाकून झाकून ठेवायचं. कडेचा ढेकळाचा भाग आधी फुगतोय, त्यानं भेग अरुंद होते, मग ओल हळूहळू आत सरकते. ढेकळाच्या पोटापर्यंत ओल जायला वेळच लागतो, पाणी जास्त घालून तो वेळ वाचत नाही. चौथा दिवस नुसताच सोडला, पाणी नाही काही नाही.

भिजलं का नाही हे बघायला महागडं काय लागत नाही. १० मिलिमीटरची लोखंडी सळई घ्या, टोक थोडं घासलेलं, आणि नमुन्याची जागा सोडून वाफ्याच्या कडेच्या पट्ट्यात दहा-बारा ठिकाणी सारख्या जोरानं दाबा. सगळीकडं सारखी आत गेली पाहिजे. एखाद्या ठिकाणी वीतभर जाऊन ठक्क थांबली तर खाली अजून कोरडं ढेकूळ आहे, आणखी एक दिवस झारी. आमच्याकडं दोन ठिकाणी थांबली होती, तिथं एक दिवस वाढवला.

त्यानंतर वाफा भरला, ह्या वेळी १,२०० लिटर, म्हणजे १३३ मिलिमीटर. ते मुरायला दीड दिवस लागला. पाऊण तास आणि दीड दिवस, ह्या एका गोष्टीवरनंच कळलं की आता माती पाणी पितेय. अण्णा म्हणाले, "आता कसं, श्रावणातल्यासारखं दिसायलंय."

घड्याळ कधी सुरू करायचं यातही गोंधळ होतोय. पाणी सोडलं ती वेळ धरायची नाही. वरचं शेवटचं पाणी मुरून माती उघडी दिसली ती वेळ शून्य, तेव्हाच प्लास्टिक टाकायचं आणि पहिला नमुना तिथनं २४ तासांनी. पाणी तुंबलेलं असतानाच झाकलं तर आत पाणी कधी संपलं ते कळतच नाही आणि तुमचा "पहिला दिवस" खरंतर अजून भिजायचा दिवस असतो.

ह्या खेपेला रोज तीन भोकं, तिन्हींची सरासरी. १५ ते ३० थर: पहिल्या दिवशी ४३.०, मग ४०.३, ३८.८, ३८.१, पाचवा दिवस सोडून सहाव्या दिवशी ३७.६. बघा कसं उतरलंय. पहिल्यांदा पावणेतीन टक्के, मग दीड, मग पाऊण, आणि शेवटच्या दोन दिवसांत मिळून अर्धा. एका दिवसाच्या तीन भोकांतला फरकही आता टक्क्याच्या आसपास आला होता, आधीचे पावणेनऊ कुठं आणि हा कुठं.

एका डबीचं गणित पण देतो, कारण भागायचं कशानं यात चूक होते. रिकामी डबी २८.४ ग्रॅम, ओल्या मातीसकट १४२.६, सुकवल्यावर १११.९. गेलेलं पाणी ३०.७ ग्रॅम, सुकी माती ८३.५ ग्रॅम. ३०.७ भागिले ८३.५, म्हणजे ३६.८ टक्के. भागायचं सुक्या मातीनं, ओल्या मातीनं नाही. ओल्यानं भागलं तर हाच आकडा २६.९ येतो. ओव्हन १०५ अंशावर २४ तास, पण काळ्या मातीचा मोठा गोळा तसाच डबीत दाबून भरला तर २४ तासांतही आतून सुकत नाही. माती बोटानं फोडून पसरून भरा, आणि २४ तासांनंतर वजन करून परत दोन-तीन तास ओव्हनमध्ये ठेवून परत वजन करा, वजन तेच आलं तरच सुकली. रानात डबी भरली की लगेच झाकण लावून चिकटपट्टी मारायची आणि सावलीत ठेवायची.

आता दुसरी अडचण, जी ह्याच खेपेला वरच्या थरात आली. ० ते १५ चा आकडा थांबेचना. ४१.५, ३८.२, ३६.०, ३४.१, पहिल्यांदा सव्वातीन आणि मग रोज दोन टक्क्यांच्या आसपास खाली. खालचा थर चौथ्या दिवशी संथ झालेला आणि वरचा पळतोय, म्हणजे वरचं पाणी खाली जात नव्हतं, वरच्या वरच उडत होतं किंवा कुणीतरी पीत होतं. हे ओळखायची एक चांगली रीत आहे. निचऱ्याला दिवस-रात्र कळत नाही, बाष्पीभवनाला आणि मुळांना कळतं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला असे दोन दिवस ओळीनं नमुने घ्या. उतार दिवसा आणि रात्री सारखाच असेल तर निचरा, सगळा उतार दिवसातच होत असेल तर पाणी वरनं जातंय. एका दिवसाच्या आकड्यावर ठरवू नका, भोकाभोकातला फरकच टक्काभर असतोय, दोन दिवस मिळून बघा. आमच्यात रात्री जवळजवळ काहीच फरक नव्हता, दिवसात पावणेदोन-दोन टक्के.

दोष आमचाच होता. नमुन्याला सकाळी अकराच्या सुमाराला जायचो आणि अख्खं प्लास्टिक बाजूला करायचो. अर्धा-पाऊण तास मार्चच्या उन्हात ओली काळी माती उघडी, रोज. त्यात पश्चिमेच्या वाऱ्यानं एक कोपरा उचलला होता, तिथं वरची माती पांढरट पडून बारीक भेग यायला लागली होती. प्लास्टिक उन्हात तापतंय तेही वेगळंच, खाली थेंब धरतात, ते दुपारी मातीतनं निघतात आणि रात्री वरच्या दोन बोटांत परत पडतात, त्यानं अगदी वरचा पापुद्रा लोण्यासारखा आणि त्याच्या खाली कोरडं असं होतं. तेवढीच वरची माती डबीत आली तर आकडा फुगतो, ती सोडून दिली तर कमी येतो.

म्हणून प्लास्टिकवर उसाचं पाचट टाकलं, दाबून हातभर. पाचटाला आमच्याकडं काय तोटा. त्यानं प्लास्टिक तापत नाही आणि थेंब धरत नाही. कडा वीतभर बाहेर काढून मातीत पुरल्या. नमुना सकाळी सातला, आणि मधोमध एक कापून ठेवलेली पट्टी तेवढीच उचलायची, नमुना झाला की पट्टी खाली आणि त्यावर पाचट. भोक लगेच त्याच थराची ओली माती घालून काठीनं चेपून भरायचं आणि तिथं एक काडी रोवायची म्हणजे परत तिथं कुणी जात नाही. भोक उघडं ठेवलं तर ते धुराड्यासारखं काम करतं, खालच्या थरातलं पाणी त्यातनं वर उडतं.

झाकण्याआधी वाफ्याच्या आजूबाजूला पण बघून घ्या. बांधावर हत्ती गवत, बाभूळ किंवा शेजारचा ऊस असेल तर त्याची मुळं बांधाखालनं आत येतात आणि प्लास्टिक कितीही चांगलं लावलं तरी दिवसा पाणी पीत राहतात. गिरमिटात पांढरी ताजी मुळी आली की समजा. मग त्या बाजूनं गुडघाभर खोल चर मारा, नायतर वाफ्याची जागाच बदला.

एकदा उडालेलं पाणी काय परत आकड्यात येत नाही, म्हणून वरच्या थराचे त्या खेपेचे आकडे टाकून दिले, ओढूनताणून जुळवले नाहीत. आठवड्याभरानं त्याच वाफ्यात, भेगा आधीच मिटलेल्या होत्या म्हणून, ५०० लिटर भरून तिसरी खेप केली. ० ते १५ थर: ४०.६, ३८.०, ३६.९, ३६.४, ३६.२. आता हा थांबला.

थांबला म्हणजे नक्की कधी थांबला म्हणायचं? पुस्तकात ४८ ते ७२ तास लिहिलेलं असतं, आणि काही जण तिसऱ्या दिवसाचा आकडा डोळे झाकून घेतात. काळ्या मातीत निचरा पूर्ण असा कधीच बंद होत नाही, नुसता संथ होत जातो, दहा दिवस बसलात तरी थोडं थोडं कमी होतच राहील. आम्ही ठरवलं ते असं की लागोपाठच्या दिवसांतला उतार आपल्याच तीन भोकांतल्या फरकापेक्षा बराच कमी झाला की थांबायचं, कारण त्याच्यापुढं आपण खरंतर काहीच मोजत नसतो. १५ ते ३० मध्ये चौथ्या ते सहाव्या दिवसाला रोजचा पाव टक्का उतार होता, म्हणजे त्या १५ सेंटिमीटरच्या थरातनं रोज अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी पाणी. वाढीला लागलेला ऊस ह्यापेक्षा किती तरी जास्त पिणार, त्यामुळं तेवढ्या निचऱ्यानं ड्रिपचा हिशोब काय बिघडत नाही. म्हणून ३७.६ घेतला. ७२ तासांचा ३८.८ घेतला असता तर फार मोठी चूक नव्हती, पण २४ तासांचा ४३ घेतला असता तर सेन्सर रान कायम चिखलात ठेवला असता.

शेवटचं एक, आणि इथं बरेच जण सगळं नीट करून शेवटी फसतात. वजनावरची टक्केवारी पाण्याच्या खोलीत बदलायला घनता लागते, आणि काळ्या मातीची घनता ओलीबरोबर बदलते, सुकली की आवळते, भिजली की फुगते. एका मित्रानं कोरड्या ढेकळाची घनता १.५ काढून वापरली होती. ३७.६ गुणिले १.५ म्हणजे ५६ टक्के पाणी आकारमानावर. आता मातीच्या कणांची घनता २.६५ धरली तर १.५ घनतेच्या मातीत एकूण पोकळीच ४३ टक्के असते. पोकळीपेक्षा पाणी जास्त कसं बसणार? असा आकडा आला की लगेच ओळखा, घनता कोरड्या मातीची घेतलीय. आम्ही सहाव्या दिवशी, ज्या दिवशीचा आकडा धरला त्याच दिवशी, ओल्या मातीत लोखंडी रिंग ठोकून घनता काढली, ती १.१८ आली. ३७.६ गुणिले १.१८ म्हणजे ४४.४ टक्के, पोकळी साडेपंचावन्न, हवेला अकरा टक्के उरली. १५ सेंटिमीटरच्या थरात ६६.६ मिलिमीटर पाणी. हे पटण्यासारखं आहे. रिंग काळ्या ओल्या मातीत ठोकताना ती दाबली जाते म्हणून आतनं थोडं तेल लावा आणि हातोड्याचे मोठे घाव घालू नका, आतली माती रिंगबाहेरच्या पातळीपेक्षा खाली बसलेली दिसली तर तो नमुना टाकून द्या.

सहाव्या दिवशी अण्णांना मुद्दाम मधली पट्टी उचलून दाखवली. त्यांनी आतली मूठभर माती घेतली, दाबली, अंगठ्यानं मोडली आणि म्हणाले, "अजून दोन दिवस. आज कुळव घातला तर चिकटंल." बरोबरच आहे ते, काळ्या रानात वापसा फील्ड कॅपॅसिटीपेक्षा थोडा कोरड्या बाजूला येतो, दोन्ही एकच धरू नका. सेन्सरला ३७.६ चा हिशोब, कुळवाला अण्णांची मूठ.

खानापूर भागातल्या लाल, जांभ्याच्या रानात हेच करायचं असेल तर भेगांचा प्रश्न नाही पण घाई आहे. तिथं पाणी भराभरा उतरतं, दिवसाला एक नमुना घेत बसलात तर सगळा उतार पहिल्या नमुन्याच्या आधीच होऊन गेलेला असतो, म्हणून १२, २४, ३६, ४८ तासांनी घ्या. आणि मातीत खडे असतात, सुकवल्यावर २ मिलिमीटरच्या चाळणीतनं चाळून खड्यांचं वजन वेगळं लिहून ठेवा, कारण एकाच भोकात मूठभर खडे जास्त आले की तिथली टक्केवारी कमी दिसते आणि मग परत तेच, आकडा रोज वर-खाली.